उनके में नहीं होता क्या?

आमच्या घरात दख्खनी बोलतात आणि शाळेपासून लिहिणं-वाचणं मराठीत. त्यामुळे काही वाक्यं माझ्या डोक्यात दोन भाषांत एकाच वेळी वाजतात. त्यातलं सगळ्यात जुनं वाक्य आहे: "उनके में नहीं होता क्या?" म्हणजे, त्यांच्यात नाही का होत? हुंड्याचा विषय निघो, मुलींच्या शाळेचा निघो, तलाकचा निघो, बैठकीत कुणीतरी हे म्हणतंच. मग दोन मिनिटं सगळे 'त्यांच्या'बद्दल बोलतात, चहा येतो, आणि मूळ विषय चटईखाली जातो.

हे वाक्य वाईटच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. हेच शब्द एका वकीलबाईंच्या तोंडून ऐकले तेव्हा त्यांत मला दम वाटला होता. शब्द तेच, विषय तोच, तरी एका ठिकाणी पळवाट आणि दुसऱ्या ठिकाणी मुद्दा. हा फरक कुठून येतो ते तलाकच्याच उदाहरणावरून सांगतो, कारण आपल्या समाजात हे वाक्य सगळ्यात जास्त झिजलंय ते तिथेच.

माझ्या खालाच्या मुलीला नवऱ्याने आखातातून फोनवर तलाक दिला. या निकालाच्या आणि कायद्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. फोन सासूने घेतला होता, स्पीकर लावून तिला ऐकवला. तीनदा शब्द, फोन बंद. पदरात चार वर्षांचा मुलगा. जमातीच्या चार बुजुर्गांसमोर बैठक झाली. मुलीकडच्यांचं म्हणणं सरळ होतं: कुणी समजावलं नाही, दोन्ही घरची माणसं बसली नाहीत, माणसाने रागाच्या भरात एका मिनिटात लग्न मोडलं, हे चूक आहे, आणि आता मुलाच्या खर्चाचं बोला. तेव्हा आमचे एक मामू, तसा मायाळू माणूस, मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "उनके में नहीं होता क्या? त्यांच्यात तर तलाक न देताच सोडून देतात. बाई ना सुटलेली, ना नांदती. आपल्यात निदान मोकळी तरी होते."

मामू खोटं बोलत नव्हते. परित्यक्ता हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, आणि त्यांत बहुसंख्य बायका हिंदूच होत्या. पण आतल्या खोलीतून, पडद्यामागून, माझी बहीण म्हणाली, "अल्ला त्यांच्या बायकांचंही भलं करो, मामू. माझ्या पोराच्या शाळेची फी कोण भरणार?"

ती एका वाक्यात जे बोलली ते सावकाश उलगडून बघू. बैठकीपुढे दावा काय होता? या माणसाने या बाईशी असं वागणं अन्याय आहे. या दाव्यात हिंदूंचा उल्लेख नाही. 'मुसलमान पुरुष इतरांपेक्षा वाईट' असंही कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे मामूंचं वाक्य शंभर टक्के खरं धरलं, तरी दावा तसूभरही हलत नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यात मुसळ असलं म्हणून माझ्या डोळ्यातलं कुसळ टोचायचं थांबत नाही. (इथे तर कुसळ कुणाचं आणि मुसळ कुणाचं हाही वादाचा विषय आहे, पण तो वेगळा.)

पळवाटेचं बळ नेमकं इथे आहे, की ती बहुधा खऱ्या विधानाची बनलेली असते. खोटं असतं तर कुणीतरी तिथेच खोडून काढलं असतं. खरं असल्यामुळे समोरचा अडखळतो: 'हो, ते आहेच, पण...' आणि त्या 'पण'पर्यंत पोचेस्तोवर विषय बदललेला असतो. तर्कशास्त्रात याला लॅटिन नाव आहे, तू क्वोक्वे, म्हणजे 'तूसुद्धा'. तिथे निदान समोरच्या माणसालाच त्याचं वागणं ऐकवलं जातं. मामूंनी तर बैठकीत नसलेल्या तिसऱ्याच लोकांना आणून बसवलं. बोलत होती त्यांची सख्खी भाची, आणि उत्तर दिलं गेलं ते गैरहजर शेजाऱ्यांना.

आता याच विषयातली खरी विसंगती कशी दाखवतात ते पाहा. त्यासाठी मामूंची बैठक सोडून सुप्रीम कोर्टात जावं लागेल. शायराबानो खटल्याचा निकाल 22 ऑगस्ट 2017 ला आला. पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन. टीव्हीवर तो हिंदू-मुसलमान सामन्यासारखा दाखवला गेला, पण त्याच्या गाभ्याशी असलेला एक युक्तिवाद आपल्याच घरातला होता. एका दमात दिलेल्या तीन तलाकला तलाक-ए-बिद्दत म्हणतात. बिद्दत म्हणजे दीनमध्ये मागाहून घुसलेली गोष्ट. आपल्याकडे बहुसंख्य लोक मानतात त्या हनफी पंथाचंच म्हणणं असं, की हा तलाक देणं गुनाह आहे, पण दिला तर लागू होतो. दुसरीकडे, त्याच्या बचावासाठी उभे राहिलेले सांगत होते की हा आमच्या धर्माचा भाग आहे, घटनेच्या धर्मस्वातंत्र्याखाली येतो, कोर्टाने हात लावू नये.

ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवा. 'हे पाप आहे.' 'हे आमच्या धर्माचं असं अंग आहे, की काढलं तर धर्माला धक्का लागेल.' दोन्ही एकाच माणसाच्या तोंडची. पापच धर्माचं आवश्यक अंग कसं असेल? तीन तलाक रद्द ठरवणाऱ्या बाजूच्या न्यायमूर्तींनी हे बोट नेमकं तिथे ठेवलं. कुरियन जोसेफ यांनी कुरआनातली तलाकची पद्धत पाहिली: आधी दोन्ही घरच्या माणसांची मध्यस्थी, मग वाट पाहणं, परत येण्याची वाट उघडी ठेवणं. एका दमातल्या तीन शब्दांत ही वाटच बंद होते, म्हणून जे कुरआनाच्या विरुद्ध ते शरियत कसं म्हणायचं, असा त्यांचा रोख होता. नरिमन आणि ललित यांनी समानतेच्या कलमावरून, मनमानी म्हणून, ते रद्द केलं; पण जी गोष्ट पंथ स्वतःच पाप म्हणतो ती धर्माचं आवश्यक अंग नव्हे, हे त्यांनीही नोंदवलं.

इथे 'तुमच्यात काय होतं' कुठेच नाही. समोरच्याचीच दोन विधानं घेतली आणि त्यांतलं कुठलं तरी एक सोडा म्हटलं. आणि सोडायची वाट खरोखर होती. अहले हदीस एका बैठकीतले तीन तलाक एकच धरतात, शिया मुळात ते मानतच नाहीत. त्यामुळे हे सोडल्याने कुणी दीनबाहेर जातं असं नव्हतं. सुनावणी चालू असतानाच पर्सनल लॉ बोर्डाने कोर्टाला सांगितलं, की निकाह लावताना नवऱ्याला असा तलाक न देण्याचा सल्ला द्या, असं आम्ही काझींना कळवू. इतकी वर्षं बाहेरच्यांनी मारलेल्या टोमण्यांनी बोर्ड हललं नव्हतं. टोमण्याला टोमणा परत करता येतो. स्वतःच्याच दोन वाक्यांना काय परत करणार?

आता त्या वकीलबाई. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या शहरात एका छोट्या सभागृहात त्या बोलायला आल्या होत्या. नवा कायदा नुकताच झाला होता. त्यात एका दमातला तीन तलाक रद्दबातल ठरवला आहे, वर नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बाईने किंवा तिच्या रक्ताच्या वा लग्नाच्या नात्यातल्या कुणी तक्रार केली तर पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. जामीन मॅजिस्ट्रेटने बाईचं म्हणणं ऐकून द्यायचा. बाईला निर्वाहभत्ता आणि लहान मुलांचा ताबा. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "आणि हिंदू नवरा बायकोला सोडून गेला तर?" मागच्या रांगेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, मामूंचंच वाक्य आहे. त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि पुढचा अर्धा तास त्या या एकाच प्रश्नावर बोलल्या.

त्यांचं बोलणं असं होतं. कायदा आणताना कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांनी संसदेत सांगितलं, की हा धर्माचा प्रश्न नाही, स्त्रीच्या न्यायाचा आणि सन्मानाचा आहे. ठीक, हे तत्त्व आपण मान्य करू. आता ते लावून पाहू. 2017 च्या निकालानंतर तीनदा तलाक म्हटल्याने लग्न मोडत नाही. बाई कायद्याने त्याची बायकोच राहते. मग तिचं नुकसान काय होतं? नवरा तिला नांदवत नाही, घराबाहेर काढतो, पैसे देत नाही. हेच नुकसान एक शब्दही न बोलता निघून गेलेल्या हिंदू, ख्रिस्ती किंवा मुसलमान नवऱ्याच्या बायकोचं होतं. हिंदू विवाह कायद्यात दोन वर्षं सोडून राहणं हे घटस्फोटाचं कारण आहे, गुन्हा नाही. पोटगीचा हुकूम मोडला तर वसुलीसाठी एका महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते, तीही बाईने कोर्टाचे खेटे घातल्यावर. म्हणजे नुकसान एकच, आणि शिक्षा मात्र ते करताना कुणी कुठला शब्द उच्चारला यावर ठरते.

इथे 'त्यांच्यात?' हा प्रश्न विषय बदलत नाही. कायदा करणाऱ्याने स्वतःहून सांगितलेलं तत्त्व, 'धर्म नाही, स्त्रीचा न्याय', तेच तपासून पाहण्यासाठी दुसऱ्या धर्माचं उदाहरण लागतं. त्याशिवाय तपासणी होणारच नाही. मामूंच्या बैठकीत कुणी असं तत्त्व मांडलंच नव्हतं, म्हणून तिथे तेच उदाहरण उपरं होतं. मी तेव्हापासून हेच बघतो: समोरच्याने असं काही म्हटलंय का, की ज्याच्या खरेपणासाठी माझं उदाहरण लागतं? म्हटलं असेल तर मुद्दा आहे. नसेल तर मी फक्त माझी मान सोडवून घेतोय.

सभेत एका तरुणाने चांगला प्रतिवाद केला. म्हणाला, "सोडून जाणं आणि तलाक सारखे कसे? तलाकला धर्माचा शिक्का आहे असं बाईला वाटतं, मोहल्ल्याला वाटतं. निकालानंतरही लोक देतच राहिले. मग धाक नको?" विसंगती दाखवणाऱ्याला हे ऐकावंच लागतं. दोन गोष्टींना वेगळं वागवलं म्हणजे लगेच विसंगती होत नाही; त्यांच्यात कामाचा फरक असला तर वेगळी वागणूक बरोबरही असते. वकीलबाईंनी तो फरक मान्य केला. शिक्क्यामुळे बाई घाबरते, आपण आता परक्या झालो असं समजून स्वतःच घर सोडते, हे खरं, म्हणाल्या. पण त्यासाठी तो शब्द रद्द आहे हे गावोगाव कळायला हवं, आणि तिला त्याच घरात राहता यायला हवं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, तो सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. नवरा आत गेल्यावर निर्वाहभत्ता कुठून येणार, हेही त्यांनी विचारलं. तरुणाचं पूर्ण समाधान झालं नाही. माझं बरंचसं झालं, पण धाकाचा त्याचा मुद्दा मी अजून उडवून लावत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी टाळ्या वाजवणाऱ्यांना उद्देशून सांगितली, ती तिथे फारशी आवडली नाही. विसंगती सिद्ध झाली, तरी त्यातून निघायला दोन दारं असतात. एक, मुसलमान नवऱ्याची शिक्षा काढा. दोन, बायकोला टाकणाऱ्या सगळ्याच नवऱ्यांना लावा. माझ्या युक्तिवादाने यांपैकी कुठलं दार घ्यायचं ते ठरत नाही, म्हणाल्या, आणि तिसरं दार तर नाहीच, की जसं चाललं होतं तसं चालू द्या. मागची रांग त्या तिसऱ्या दारासाठी टाळ्या वाजवत होती. चांगला मुद्दा पळवाटेत बदलतो तो असाच, ऐकणाऱ्याच्या हातात. विधान खरं राहतं, निष्कर्ष मात्र परस्पर बदलतो.

आणि उदाहरण तरी खरं असावं. आपल्यातले काही जण लगेच पुढे जातात: 'दुसरी बायको त्यांच्यात नाही का?' इथे तुलना लंगडी आहे. पहिली बायको असताना दुसरं लग्न करणं हिंदूला गुन्हा आहे, जुन्या दंडसंहितेच्या 494 कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. आपल्याला ते कलम लागत नाही. हां, तो कायदा किती लागू होतो, हा प्रश्न वेगळा. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1965 च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, कारण दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणजे विधी अर्धवट ठेवले की नवरा सुटला. 'तुमचा कायदा कागदावर कडक आणि कोर्टात ढिला' असं म्हणायला आधार आहे. 'तुमच्यातही चालतं' असं म्हणायला नाही.

हे सगळं एकाच बाजूने होत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात मला भाड्याने घर मिळत नव्हतं. एका घरमालकाने फोनवर सगळं ठरवलं, आगाऊ रकमेचा आकडाही सांगितला. नाव विचारलं आणि मग म्हणाला, घरात विचारून सांगतो. मी हे ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "पण तुम्ही लोक तीन तलाकबद्दल का बोलत नाही?" हसू आलं. घर आणि तलाक यांचा संबंध काय? मी बोललो होतो, लिहिलंही होतं. पण न बोलणाऱ्या मुसलमानालाही डोक्यावर छप्पर लागतंच. ही मामूंचीच पळवाट, फक्त भाषा शुद्ध.

मग तो थोडा थांबून म्हणाला, "बरं, तुमच्या मोहल्ल्यात आमच्या माणसाला घर देतात का?" हे मात्र मला उडवून लावता आलं नाही. कारण त्याच्याशी बोलताना मी फक्त माझ्या घराबद्दल बोललो नव्हतो. 'धर्म बघून घर नाकारणं चूक आहे, कुणीही नाकारो,' असं मीच म्हणालो होतो. हे तत्त्व माझं होतं, त्याने ते माझ्याच गल्लीत लावून पाहिलं. मी त्याला सांगितलं, की आमच्या गल्लीत एक हिंदू कंपाउंडर भाड्याने राहतात, बरीच वर्षं, पण ते एकटेच. आणि एका कुटुंबाला 'मटणाचा वास तुम्हाला चालणार नाही' असं गोड बोलून परत पाठवल्याचं मला माहीत आहे. तेही चूकच, म्हटलं.

तो म्हणाला, "मग त्या मालकाचं?"

"त्याचंही चूकच."

पुढच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा ज्यांनी त्या कुटुंबाला परत पाठवलं होतं त्या चाचांकडे मी विषय काढला. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "उधर पुना में तेरेकू दिए क्या?"